इंग्रजी टोस्ट, सांगलीचे आजोबा आणि माझी पंचाईत

खाजेंवाली
नमस्कार मंडळी. लग्न दोन आठवड्यांवर आलंय आणि भलतंच काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून हा धागा.

माझ्या मामेभावाचं लग्न आहे. नावं देत नाही, मी त्याला दादा म्हणते, तुम्हीही म्हणा. आम्ही फोंड्याचे, मुलगी सांगलीची. सकाळी देवळाच्या सभागृहात विधी आणि पानावरचं जेवण, संध्याकाळी दुसऱ्या हॉलमध्ये रिसेप्शन. तिथे दादाचा जिवलग मित्र टोस्ट देणार आहे. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोघं एका बाकावर होते, पुढे पुण्यात पाच वर्षं एका खोलीत. मित्र मडगावचा, ख्रिश्चन. कॉलेजापासून सगळे त्याला पात्रांव म्हणतात. त्यांच्याकडे टोस्टशिवाय रिसेप्शन होतच नाही, त्यामुळे त्याने मनापासून चार पानं इंग्रजीत लिहिली आहेत. भाषण खरंच सुंदर आहे.

पण पुढच्या दोन रांगांत बसणार सांगलीचे आजोबा-आजी, त्यांचे तीन भाऊ, आणि आमची आजी. आमच्या आजीने चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, ती रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून वाचते. यांतल्या कुणालाही इंग्रजी भाषण झेपणार नाही. म्हणून पात्रांव थांबेल तिथे मी माइकवर मराठीतून सांगायचं, असं ठरलंय.

काल रात्री पहिला खर्डा केला आणि वाचून मलाच घाम फुटला. तीन जागा सांगते.

एक: 'टुनाईट आय ॲम लूझिंग माय रूममेट'. मी लिहिलं, 'आज मी माझा खोलीतला सोबती गमावतोय'. आईने ऐकलं आणि देवाला हात जोडले.

दोन: 'शी कुड हॅव डन बेटर'. म्हणजे हिला याहून चांगला मिळाला असता. इंग्रजीत गंमत आहे. सांगलीकरांसमोर मराठीत म्हणू?

तीन: शेवटी 'प्लीज रेज युअर ग्लासेस'. आजीच्या हातात ग्लास कुठला?

आणि वेळेचं वेगळंच. पात्रांवने वाचलं तर पाच मिनिटं, माझं मराठी साडेसहा. म्हणजे साडेअकरा मिनिटं नवरानवरी उभी.

सह्याद्री_६७
अभिनंदन! मित्राच्या भावनांना मंगलाष्टकाचं रूप द्यावं असं सुचवतो. शार्दूलविक्रीडितात बसवा, ओळीला 19 अक्षरं. नवरा-नवरीची आणि दोन्ही आजोबांची नावं गुंफता येतील. हवं असल्यास मी चार कडवी लिहून देतो, फक्त कुलदैवत कळवा.

खाजेंवाली
काका, मंगलाष्टकं सकाळी भटजी म्हणणार आहेत. हे संध्याकाळचं, मित्राचं भाषण. पण कुलदैवत कळवते, एखादं कडवं आईला हवंच होतं.

सुंगटांचें_हुमण
मराठी कित्याक? गोंयांत लग्न, चलो गोंयकार, इश्ट गोंयकार. कोंकणींत उलय म्हण ताका! मित्राच्या तोंडात जी भाषा जन्मापासून आहे ती सोडून इंग्रजीतून मराठीत हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

खाजेंवाली
हा प्रश्न येणार माहीत होतं. पात्रांव कोकणी झकास बोलतो, पण लिहितो रोमीत आणि त्याची साष्टीची बोली. आमच्या आजीला ती सगळी कळते. सांगलीच्या आजोबांना त्यातलं 'देव' आणि 'लग्न' एवढंच कळेल. पाहुणे त्यांचे आहेत, म्हणून मराठी. भाषेचा वाद इथे नको, त्यासाठी 1987 पासून वेगळी दुकानं चालू आहेत.

सुंगटांचें_हुमण
बरें. पण एक तरी वाक्य कोकणीत ठेवायला सांग त्याला.

पेठेतला_पंत
भाषांतर म्हणजे मूळ लेखकाशी इमान. तुम्ही वाक्य बदललंत तर ते मित्राचं भाषण राहत नाही, तुमचं होतं. 'गमावतोय' जरा बोचतं खरं, पण खाली 'गमतीने' असं सांगितलं की झालं. आणि 'रेज युअर ग्लासेस'ला अक्षता वाटून टाका. तोच आपला टोस्ट.

अर्धविराम
मी 25 वर्षं भाषांतर करते, त्यातली काही सभांमधून उभ्याउभ्या दुभाषेपणाची. पंतांचं पहिलं वाक्य कागदावरच्या मजकुराला लागू आहे. माइकवर इमान वाक्याशी नसतं, परिणामाशी असतं. मित्राला हशा हवा होता आणि तुम्ही सुतक आणलंत, तर बेइमानी तिथेच झाली. विनोदाच्या मागून 'हे गमतीने हं' म्हणायची वेळ आली, तर तो विनोद मेलाच समजा.

'लूझिंग'मध्ये नक्की काय बिघडतंय ते बघू. लग्नघरात आपण कितीतरी क्रियापदं टाळतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, नारळ 'वाढवतो'. ही सवय जुन्या माणसांच्या कानात इतकी मुरलेली असते की 'गमावणे', 'संपणे', 'शेवटचा', 'गेला' हे शब्द कानावर पडले की अर्थ कळायच्या आधी अंगावर काटा येतो. इंग्रजी टोस्टमध्ये नेमके हेच शब्द विनोदासाठी वापरतात: स्वातंत्र्याची शेवटची रात्र, ब्रह्मचाऱ्याची अंत्ययात्रा वगैरे. तेव्हा पहिली चाळणी हीच लावा. लाल पेन घेऊन मजकुरात असले शब्द किती आहेत ते मोजा.

मग विचारा, मित्र खरोखर काय गमावतोय? खोलीतला सोबती. त्याने त्याचं काय नुकसान होतं? भाडं. 'उद्यापासून खोलीचं पूर्ण भाडं माझ्या एकट्याच्या डोक्यावर.' हसू तेच, अशुभ काही नाही. आणि भाड्याचा हिशोब आजोबांना 'रूममेट'पेक्षा लवकर कळतो.

अक्षतांबद्दल पंत अर्धे बरोबर आहेत. आशीर्वादाची कृती हवी हे खरं. पण अक्षता मंगलाष्टकांबरोबर सकाळीच पडलेल्या असणार. त्याच संध्याकाळी, चपला घालून, केकच्या शेजारी पुन्हा वाटल्या तर पहिले आक्षेप घेतील ते सांगलीचे आजोबाच.

खाजेंवाली
मोजले. नऊ निघाले! त्यात एक 'टिल डेथ' पण होतं, ते पात्रांवला सांगून आजच काढलं. तो म्हणाला, "अगे, ते तर आमच्या इगर्जेत शपथेतच असतं." म्हटलं, इगर्जेत असू दे, इथे आजी आहे.

बेळगावची_बेबी
माझाच अनुभव सांगते. माझ्या नवऱ्याच्या मित्राने आमच्या लग्नात इंग्रजीत भाषण केलं आणि एका हौशी चुलत दिराने शब्दन् शब्द मराठीत सांगितला. त्यात नवऱ्याच्या कॉलेजातल्या एका 'क्रश'चा उल्लेख होता. इंग्रजीत अर्धं वाक्य होतं, लोक हसले, संपलं. दिराने सांगितलं, 'याचं पूर्वी एका मुलीवर प्रेम होतं.' माझ्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठली ती?" आज 11 वर्षं झाली, अजून अधूनमधून विचारतात.

शेवटी मी म्हणते, वडीलधाऱ्यांसाठी हे सगळं करूच नये. त्यांना गोड जेवण द्यावं, ते खूश असतात.

अर्धविराम
बेबीताई, दिराचं भाषांतर चुकीचं नव्हतं, वजन चुकलं. 'क्रश' हलका शब्द आहे, आणि मराठीत त्या वजनाचा, आजीसमोर चालेल असा शब्द नाही. 'प्रेम होतं' म्हटलं की खटला उभा राहतो. असं वाक्य सरळ गाळायचं. गाळणं हाही दुभाषाचा हक्क आहे, पण मित्राला आधी सांगून. नाहीतर तो थांबून तुमच्या तोंडाकडे बघत बसतो आणि लोकांना कळतं की काहीतरी लपवलं.

मडगांवचो_माइकवाला
मी दक्षिण गोव्यात लग्नांना एमसी म्हणून उभा राहतो, त्यामुळे चार गोष्टी व्यवहारातल्या.

आमच्या रिसेप्शनचा क्रम ठरलेला असतो. जोडपं आत येतं, केक कापतात, मग टोस्ट, मग नाच. टोस्टचं शेवटचं वाक्य बँडसाठी खूण असते. पेले वर गेले की बँड वाजायलाच लागतो, कुणाची वाट बघत नाही. आता तुमचा बेत बघा. पात्रांव म्हणणार 'रेज युअर ग्लासेस', लोक उठणार, बँड सुरू, आणि त्यानंतर तुम्ही मराठीतून सांगायला तोंड उघडणार. एकही शब्द ऐकू येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर हे दोनदा झालंय, एकदा कोकणीचं आणि एकदा हिंदीचं. बिचारी मुलगी तोंड हलवत होती, वर ट्रम्पेट.

म्हणून शेवटचा तुकडा उलटा करा. आधी मराठी, मग इंग्रजी. म्हाताऱ्यांना उठायला वेळही लागतो. त्यांना आधी सांगितलं तर ते बाकीच्यांबरोबर उभे राहतात. नाहीतर सगळे पिऊन बसतात तेव्हा आजोबा उठतात.

दुसरं, दोन माइक घ्या. एक माइक हातातून हातात देताना दर वेळी पाच-सात सेकंद जातात आणि कर्र आवाज येतो. तुम्ही पात्रांवच्या शेजारी नको, पुढच्या रांगेकडे तोंड करून बाजूला उभ्या राहा.

तिसरं, वाक्यागणिक भाषांतर करू नका. तुकडे पाडा, चारच.

चौथं, जेवणाआधी घ्या. नंतर म्हाताऱ्यांची गाडी तयार असते.

खाजेंवाली
बाप रे, बँडचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देव बरें करूं!

वेळेचं काय करू? चार तुकडे केले तरी साडेअकरा मिनिटं ती साडेअकराच.

अर्धविराम
सगळं दोनदा सांगायचं नाही. इंग्रजी कळणाऱ्यांना इंग्रजी मिळेल, मराठीवाल्यांना त्यातलं निम्मंच द्या, पण ते निम्मं पूर्ण करून द्या. पुण्यातल्या हॉटेलांची नावं, ऑफिसातले किस्से, क्रिकेटच्या टीमचं टोपणनाव, हे मराठीत नकोच. आजोबांना ते कळूनही कळणार नाही. तुमचं मराठी घड्याळ लावून तीन मिनिटांत बसलं पाहिजे. शब्द मोजू नका, फसाल. मराठीत शब्द कमी दिसतात पण लांब असतात. मोठ्याने वाचून वेळ लावा.

आता भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा इथे टाका. विनोद नंतर बघू.

खाजेंवाली
टाकते. सारांशाने, कारण ते त्याचं खाजगी आहे, पण त्याने परवानगी दिली.

तिसऱ्या वर्षाला असताना पात्रांवच्या वडिलांना अचानक बांबोळीला भरती केलं. पावसाळा होता. दादा तेव्हा सुट्टीला दोडामार्गाला आत्याकडे होता. पात्रांवने कुणाला कळवलं नव्हतं. रात्री दहाला दादा भिजून वॉर्डाबाहेर हजर. तीन रात्री बाकावर बसून काढल्या, बाहेरच्या गाड्यावरचं रस-आमलेट दोघांत एक. इंग्रजीत तो एवढंच म्हणतो, 'आय डिडन्ट कॉल हिम. ही शोड अप.' मग पुढे पुण्यात याची नोकरी गेली तेव्हा परत 'ही शोड अप'. आणि शेवटी, दादा स्वतः दोन वर्षं उदास होता, कुणाशी बोलेना, तेव्हा 'ॲण्ड देन शी शोड अप'. इथे सगळा हॉल रडणार, मला माहीत आहे.

मी लिहिलंय: 'तो माझ्या पाठीशी खंबीरपणे उभा राहिला.' आणि नवरीसाठी: 'ती त्याच्या आयुष्यात प्रकाश बनून आली.'

पेठेतला_पंत
छान आहे की. भारदस्त.

अर्धविराम
भारदस्त आहे, पण निरोप समारंभातलं आहे. 'खंबीरपणे पाठीशी' हे आपण पुढाऱ्याबद्दल ऐकून ऐकून गुळगुळीत केलंय. मूळ तीन शब्दांचं आहे आणि त्यात एकही विशेषण नाही. त्याची सगळी ताकद या कोरडेपणात आहे.

आणि इथे मराठी तुम्हाला इंग्रजीहून जास्त देते. क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य बरोबर जागेवर तुटतं. बघा:

'मी बोलावलं नव्हतं. तो आला.'

पुढे, 'तेव्हाही बोलावलं नव्हतं. तो आला.'

आणि शेवटी, 'आणि मग ती आली.'

इंग्रजीत 'ही'चं 'शी' होतं, क्रियापद तेच राहतं. मराठीत 'आला'चं 'आली' होतं. दोनदा 'आला' ऐकलेल्या कानाला तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर बदललेलं कळतं. शिवाय लग्नघरात 'आली' म्हटलं की नवरी उंबऱ्यात उभी दिसते. हे तुम्ही काही न करता मिळतंय. प्रकाश वगैरे लावून विझवू नका.

सुंगटांचें_हुमण
वा. हे मान्य.

खाजेंवाली
अंगावर काटा आला. पण थांबा, यात एक घोळ आहे. 'मी बोलावलं नव्हतं' इथवर ठीक. पुढे 'तीन रात्री आम्ही बसलो, मी रडलो' हे सगळं मी, मुलगी, म्हणणार. 'मी रडलो'? लोक हसतील. 'मी रडले' म्हटलं तर आजोबांना वाटेल माझेच वडील आजारी होते.

अर्धविराम
हा खरा प्रश्न आहे आणि याचं एकच उत्तर नाही. सभेत किंवा न्यायालयात दुभाषी वक्त्याच्या जागी उभा राहून 'मी'च म्हणतो. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही, 'आय क्राइड' बाई म्हणो की बुवा. मराठी क्रियापद मात्र लगेच बोट दाखवतं. सभेत मी सरळ 'मी म्हणालो' म्हणते, लोकांना तिथे सवय असते. लग्नात म्हणणार नाही. तिथे तुम्ही नुसता आवाज नाही, घरची मुलगी आहात.

तर 'पात्रांव सांगतो' अशी सुरुवात करून तृतीय पुरुषात जा. पण सावध. मग पात्रांवही 'तो' आणि दादाही 'तो'. 'त्याचे वडील आजारी होते, तो आला, तो रडला.' कोण आला आणि कोण रडला?

मडगांवचो_माइकवाला
एखाद्या मुलाला सांगायला लावा. चुलत भाऊ असेलच कुणी.

खाजेंवाली
भाऊ दोन आहेत. एकाचं मराठी ऐकून आजी उठून जाईल, दुसरा बारवर असेल.

शांत_खाडी
फक्त वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. 'तो'चा घोळ सोडवायला नावं वापरा ना. दादाला तुम्ही दादाच म्हणता. 'पात्रांवने कुणालाच बोलावलं नव्हतं. दादा आला.' बहीण सांगतेय हेही आपोआप कळतं. आणि 'तो आला'पेक्षा तुमच्या तोंडी 'दादा आला' जास्त लागेल असं मला वाटतं.

अर्धविराम
शांत_खाडी, तुम्ही वाचनमात्र राहू नका. अगदी बरोबर. माझंही सुचलेलं मागे घेते.

पेठेतला_पंत
पण मग 'ती'चं काय? 'दादा आला, दादा आला, आणि मग वहिनी आली'?

शांत_खाडी
नाही, तिथे 'ती'च. नाव घेतलं की ओळख करून दिल्यासारखं होतं. 'आणि मग ती आली' म्हटल्यावर सगळा हॉल आपसूक तिच्याकडे बघेल.

अर्धविराम
मी 'वहिनी आली' म्हणेन. आधी दोनदा नातं आलंय, तिसऱ्यांदाही नातंच हवं. शिवाय सांगलीकरांसाठी त्यांच्या मुलीला भर हॉलमध्ये पहिल्यांदा 'वहिनी' म्हटलं जाईल. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. खाजेंवाली, तुम्ही ठरवा.

खाजेंवाली
उभी राहिल्यावर ठरवते. आता 'शी कुड हॅव डन बेटर'?

बेळगावची_बेबी
गाळा.

पेठेतला_पंत
'नवरदेव भाग्यवान आहेत' म्हणा. तोच आशय.

अर्धविराम
आशय तोच, पण त्यावर हसेल कोण? मित्राला दादाची टर उडवायची आहे, ती उडालीच पाहिजे. प्रश्न एवढाच की ती दादावर पडावी, सांगलीकरांच्या निवडीवर नाही. 'हिला याहून चांगला मिळाला असता' यात मराठी कानाला ऐकू येतं ते असं: मुलीच्या घरच्यांनी नीट बघितलं नाही.

मग तेच धरा. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात, शेजाऱ्यांना विचारतात, मित्रांना विचारतात. मित्राच्या तोंडी घाला: 'सांगलीच्या मंडळींनी सगळीकडे चौकशी केली असेल. माझ्याकडे मात्र कुणी आलं नाही. म्हणूनच हे लग्न जमलं.' दादाची टर उडाली आणि सांगलीकरांकडे काही बोट गेलं नाही.

वाक्याचा क्रम हलवू नका. 'हे लग्न जमलं म्हणूनच, की माझ्याकडे...' असं केलंत की गेला विनोद. हसू ज्या शब्दाने येतं तो शेवटी. पात्रांवला इंग्रजीतही हेच सांगायला सांगा, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकाच गोष्टीला हसतील. नाहीतर तरुण एकाला हसतात, म्हातारे दुसऱ्याला, आणि दोन्ही बाजूंना वाटतं आपल्यापासून काहीतरी लपवतायत.

खाजेंवाली
पात्रांवला फोनवर ऐकवलं. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. इंग्रजीतलंही बदलतोय. म्हणाला, चौकशी म्हणजे 'रेफरन्स चेक' ना?

राहिला पेला.

सह्याद्री_६७
'प्याला उंचवा' म्हणावे. शब्द शुद्ध आहे.

सुंगटांचें_हुमण
काका, प्याला म्हटलं की आमच्या आजोबांना नाटकातला दारुडा आठवायचा. गोव्यातल्या जुन्या माणसांनी संगीत नाटकं रात्र रात्र जागून पाहिली आहेत. प्याला नको.

मडगांवचो_माइकवाला
टोस्टला दारूच हवी असं काही नाही. आमच्यातही मुलं आणि न पिणारे सॉफ्ट ड्रिंक घेऊन उभे राहतात. हवं ते हातात काहीतरी, आणि सगळ्यांनी एकदम. टोस्टच्या दहा मिनिटं आधी पुढच्या दोन रांगांत वेटरला कोकम सरबत फिरवायला सांगा. काचेच्या उभ्या ग्लासांत, कागदी कपात नको, रंग दिसला पाहिजे. ग्लास अर्धाच भरा, म्हाताऱ्यांचे हात थरथरतात आणि कोकमाचा डाग रेशमावरून जात नाही. शब्द 'पेला' ठेवा. त्यात दारूचा वास नाही.

शांत_खाडी
आणि ज्यांना पेला उचलायचाच नाही त्यांच्यासाठी? आमच्या आजीला ते सगळंच परकं वाटलं असतं.

अर्धविराम
त्यांना त्यांचं काम द्या. 'ज्यांच्या हातात पेला आहे त्यांनी पेला उंचवावा. ज्यांचा हात आशीर्वादाचा आहे त्यांनी हात उंचवावा.' थोडं सजवलेलं आहे, पण शेवटच्या वाक्याला एवढी सजावट चालते. आणि त्यांना 'आपण' म्हणा. भाषणभर बाकी कुठेही 'आपण' नको.

पेठेतला_पंत
सुरुवातीला 'व्यासपीठावरील सन्माननीय' हवंच ना?

अर्धविराम
व्यासपीठावर केक आहे, पंत.

खाजेंवाली
(दोन आठवड्यांनी)

लग्न झालं. बऱ्याच जणांनी विचारलंत म्हणून लिहिते.

मराठी दोन मिनिटं पन्नास सेकंद, इंग्रजी चार मिनिटं. दोन माइक घेतले. शेवटचा तुकडा मराठी आधी. बँडवाल्याला एमसीने हात दाखवून थांबवलं होतं, तरी ड्रमवाल्याने माझ्या 'उंचवावा'वर एक ठोका दिलाच.

चुकलं ते सांगते. दुसऱ्या तुकड्यात पात्रांव कागद सोडून बोलायला लागला. रंगात आला होता. पुण्यातल्या घरमालकाचा किस्सा, जो कागदावर नव्हताच, दोन मिनिटं. सगळे हसतायत आणि पुढच्या दोन रांगा माझ्याकडे बघतायत. मला सगळा आठवेना. मी म्हटलं, "पात्रांव आता घरमालकाबद्दल बोलला. ते घरमालकासमोरच सांगायचं आहे." आजोबा हसले, सुटले.

बांबोळीच्या तुकड्याला हॉल गप्प झाला. 'दादा आला' दोनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा तोंडातून काय निघालं माहीत आहे? 'आणि मग आमची वहिनी आली.' 'आमची' कुणीच सुचवलं नव्हतं. सांगलीच्या आजींनी पदर डोळ्याला लावला. आमच्या आजीने नाही लावला, ती मला नंतर म्हणाली, "'उंचवावा' नव्हे, 'उंचावावा'." पंत आणि काका, या शब्दावर वेगळा धागा काढा, मी येणार नाही.

चौकशीच्या विनोदाला दोन्ही बाजू एकदम हसल्या. पण खरी गंमत जेवणाच्या वेळी. सांगलीचे आजोबा काठी टेकत पात्रांवच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "आम्ही चौकशी केली होती. तुमच्या पुण्याच्या घरमालकाकडे." पात्रांवचा चेहरा उतरला. मी भाषांतर करायला गेले तर म्हणाला, नको, कळलं.

आजोबा म्हणाले, "तो म्हणाला, दोघंही भाडं उशिरा देतात, पण देतात."

मडगांवचो_माइकवाला
आजोबांना पुढच्या वेळी टोस्ट द्या.

सुंगटांचें_हुमण
आणि कोकणी वाक्य? ठेवलं ना?

खाजेंवाली
ठेवलं. पेले वर गेल्यावर बँडच्या आधी पात्रांव मोठ्याने म्हणाला, "देव बरें करूं!" पुढच्या दोन्ही रांगांनी तेच परत म्हटलं, सांगलीकरांनीसुद्धा. माझा माइक तेव्हा बंदच होता.